चाळीस टक्के कमिशनला ‘नाही’ लिहिताना

‘नमस्कार ताई, आमची टीम तुमचे व्हिडिओ नेहमी पाहते. तुमच्या प्रेक्षकांना खूप उपयोगी पडेल असा आमचा एक कोर्स आहे. तुम्हाला काहीच करायचं नाही, फक्त लिंक शेअर करायची. प्रत्येक विक्रीमागे चाळीस टक्के तुमचे.’

मराठीत बरं बोलणाऱ्या, बरं लिहिणाऱ्या आणि चार लोक ज्यांचं ऐकतात अशा बहुतेकांना आज असा निरोप येतो. शेतीचे व्हिडिओ करणारा, स्पर्धा परीक्षेचं मार्गदर्शन करणारा निवृत्त शिक्षक, पाककृती सांगणारी गृहिणी, कोणीही असो. ऑनलाइन कोर्स विकणाऱ्याला वर्ग भरायला माणसं लागतात आणि ती माणसं तुमच्याकडे असतात. यात मुळात वावगं काही नाही. चांगला कोर्स योग्य माणसापर्यंत पोचवून त्याचं कमिशन घेणं हा सरळ व्यवहार आहे. अडचण येते ती कोर्स आपल्या माणसांसाठी नसतो तेव्हा, किंवा तो ज्या पद्धतीने विकला जातो ती आपल्याला पटत नाही तेव्हा. अशा वेळी नकार द्यायचा असतो आणि तो कसा द्यायचा हे बहुतेकांना सुचत नाही. मग एक तर होकार जातो, नाही तर ‘बघू, नंतर सांगते’ असं काहीतरी जातं. हे दुसरं उत्तरही पुष्कळदा होकारापाशीच जाऊन थांबतं.

माझ्या ओळखीतल्या सातारा जिल्ह्यातल्या एका बाईंचं उदाहरण घेऊ. त्या घरखर्चाच्या हिशेबावर व्हिडिओ करतात. पोस्टाच्या आवर्ती ठेवीचं व्याज कसं मोजायचं, सोनेतारण कर्जाची पावती कशी वाचायची, बचत गटाच्या कर्जाचा हप्ता चुकला तर काय करायचं, असे त्यांचे विषय. प्रेक्षकांत अंगणवाडी सेविका, शिलाईकाम करणाऱ्या बायका, बचत गटांच्या सचिव आणि काही निवृत्त शिक्षक आहेत. व्हिडिओंशिवाय त्यांच्या व्हॉट्सअॅप गटांत मिळून चारेक हजार बायका आहेत. त्यांना प्रस्ताव आला तो शेअर बाजारातल्या ऑप्शन्स ट्रेडिंगच्या कोर्सचा. नाव ‘घरबसल्या उत्पन्न’ या धर्तीचं, किंमत १४,९९९ रुपये, हप्त्याने भरायची सोय. बाईंच्या नावाचा कूपन कोड वापरला तर खरेदीदाराला एक हजाराची सूट आणि बाईंना मूळ किमतीवर चाळीस टक्के, म्हणजे विक्रीमागे जवळजवळ सहा हजार. त्यांच्याकडून दोन रील, गटांत एक संदेश आणि कोर्सवाल्या सरांबरोबर एक लाइव्ह, एवढी अपेक्षा होती.

हिशेब करणाऱ्या बाईंनी आधी हिशेबच केला. चार हजारांतल्या शंभरात एकीने जरी कोर्स घेतला तरी चाळीस विक्र्या होतात. बाईंना २ लाख ४० हजार मिळतात आणि त्या चाळीस बायकांच्या घरांतून सूट धरूनही साडेपाच लाखांच्या वर रक्कम बाहेर जाते. ही झाली फक्त फी. फी भरल्यावर त्या ट्रेडिंग करणार, कारण कोर्स त्यासाठीच आहे.

इथे सेबीचे आकडे समोर ठेवायला हवेत. शेअर बाजाराच्या या नियामक संस्थेने सप्टेंबर २०२४ मध्ये एक पाहणी जाहीर केली. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये व्यवहार करणाऱ्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाला होता आणि तो सरासरी माणशी दोन लाखांच्या आसपास होता. पुढच्या वर्षाची, २०२४-२५ ची पाहणी जुलै २०२५ मध्ये आली. तिच्यात तोटा झालेल्यांचं प्रमाण ९१ टक्के होतं आणि सगळ्यांचा मिळून निव्वळ तोटा एक लाख कोटी रुपयांहून जास्त होता. हाच दर लावला तर चाळीस बायकांपैकी छत्तीस जणींना तोटा होणार.

कोर्स विकणारा यावर म्हणेल की हे आकडे न शिकता उतरणाऱ्यांचे आहेत, आमच्याकडे शिकलेल्यांचं तसं होत नाही. ही पाहणी शिकलेले आणि न शिकलेले असा भेद करत नाही, त्यामुळे त्याचा मुद्दा ऐकून घ्यावा. पण मग एका पूर्ण तुकडीचा हिशेब मागावा. नफ्याचे तीन स्क्रीनशॉट नकोत. एका महिन्यात शिकून गेलेल्या सगळ्यांचा वर्षभराचा नफातोटा ब्रोकरच्या कागदासह दाखवा, असं सांगावं. बाईंनी हे मागितलं. उत्तरादाखल चार जणींचे व्हिडिओ आले, ‘माझं आयुष्य बदललं’ असं सांगणारे. कागद आला नाही.

आणखी एक तपासणी सोपी आहे आणि ती कोणालाही जमते. गुंतवणुकीचा सल्ला देणाऱ्याची किंवा शेअरचं विश्लेषण विकणाऱ्याची सेबीकडे नोंदणी लागते. नोंदणीचा क्रमांक सल्लागारासाठी INA ने आणि संशोधन विश्लेषकासाठी INH ने सुरू होतो. सेबीच्या संकेतस्थळावरच्या यादीत तो तपासता येतो. ज्याच्याकडे नोंदणी नसते तो म्हणतो, ‘मी सल्ला देत नाही, फक्त शिकवतो.’ शिकवायला बंदी नाही. मात्र शिकवणं कुठे संपतं याची एक खूण सेबीने जानेवारी २०२५ च्या परिपत्रकात दिली आहे. फक्त शिक्षण देणाऱ्याने गेल्या तीन महिन्यांतल्या किमती वापरून एखाद्या शेअरचं नाव घेत पुढे काय होईल ते सांगू नये, असा त्याचा आशय आहे. तेव्हा कोर्सवाल्याकडून एक नमुना तास मागवायचा आणि फळ्यावरचा आलेख कोणत्या तारखेचा आहे ते बघायचं. बाईंना पाठवलेल्या तासात सर त्याच आठवड्यातला बँक निफ्टीचा आलेख लावून ‘उद्या इथून उसळी येणार’ असं समजावत होते. नोंदणी क्रमांक विचारल्यावर मॅनेजरने ‘त्याची गरज नाही’ असं लिहिलं.

कायद्याची बाजूही थोडक्यात सांगायला हवी, कारण पुष्कळांना वाटतं की दावा कोर्सवाल्याचा, आपण नुसते निरोपे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची शिफारस करणाऱ्यालाही दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा तेच केल्यास पन्नास लाखांपर्यंत, आणि एक वर्ष शिफारस करायला बंदीही येऊ शकते. दावा खरा आहे की नाही याची आपण रीतसर खातरजमा केली होती हे दाखवता आलं तर त्यातून सुटका आहे. म्हणून ही सगळी विचारपूस तोंडी न करता लिहून करावी आणि जपून ठेवावी. कमिशन मिळत असेल तर ते प्रेक्षकांना स्पष्ट सांगणं बंधनकारक आहेच. पण व्हिडिओवर ‘जाहिरात’ असं लिहिलं की सगळं फिटलं, हे मला मान्य नाही. त्या पाटीने तुमचा व्यवहार उघड होतो. शिलाईच्या कमाईतून महिन्याला दोन हजार बाजूला टाकणाऱ्या बाईसाठी ऑप्शन्सचा कोर्स त्या पाटीने योग्य ठरत नाही.

तर नकार द्यायचं ठरलं. आता लिहायचं काय?

आपल्याकडे पहिलं वाक्य सुचतं ते असं: ‘सध्या खूप कामात आहे, दिवाळीनंतर बघू.’ कुणाचं मन दुखवू नये म्हणून आपण लग्नाच्या स्थळालाही पत्रिका जुळत नाही असं कळवतो, तीच सवय इथे उतरते. पण समोरचा माणूस विक्रीच्या कामावर आहे. त्याच्याकडे एक तक्ता असतो, त्यात तुमच्या नावापुढे ‘दिवाळीनंतर’ अशी नोंद होते आणि दिवाळी झाल्यावर चौथ्या दिवशी निरोप येतो. ‘कमिशन कमी वाटतं’ असं लिहिलं तर पन्नास टक्क्यांचा प्रस्ताव येतो. ‘माझे प्रेक्षक एवढे पैसे भरू शकणार नाहीत’ असं लिहिलं तर ९९ रुपयांची कार्यशाळा पुढे येते. खोटं कारण दिलं की ते कारण दूर करण्याचा हक्क आपण समोरच्याला देऊन बसतो, आणि त्याने ते दूर केल्यावर आपल्याकडे बोलायला काही उरत नाही.

म्हणून लिहायला बसण्याआधी स्वतःशी एक गोष्ट ठरवावी: नकार कोर्समुळे आहे की प्रेक्षकांमुळे? दोन्हींची पत्रं वेगळी होतात. समजा शेतीच्या चॅनेलवाल्याकडे डेटा सायन्सचा पंचेचाळीस हजारांचा कोर्स आला. शिकवणारे जाणकार आहेत, दावे मोजके आहेत, पैसे परत मिळण्याचे नियम साफ आहेत. नुसता तो कांद्याच्या चाळीबद्दल ऐकायला येणाऱ्या शेतकऱ्यासाठी नाही. तिथे मोकळेपणाने लिहावं की कोर्स चांगला दिसतो, पण माझे प्रेक्षक वेगळे आहेत, तुमच्याकडे शेतीमालाच्या प्रक्रियेवर किंवा हिशेबावर काही असेल तर जरूर कळवा. हे दार खरंच उघडं आहे, तर उघडं ठेवायला काहीच हरकत नाही. पण विक्रीची पद्धत किंवा मालच पटत नसेल, तर ‘पुढे कधी तरी’ हे शब्द पत्रात येता कामा नयेत. बाईंच्या बाबतीत दोन्ही कारणं होती, आणि अशा वेळी पत्र कडक कारणाप्रमाणे लिहायचं.

त्यांनी अखेर पाठवलेलं पत्र त्यांच्या परवानगीने देतो:

‘नमस्कार. प्रस्तावाबद्दल आभार. तुमचा अभ्यासक्रम, किंमत आणि नमुना तास मी पाहिला. माझे प्रेक्षक महिन्याला दोन-तीन हजार रुपये बाजूला टाकणाऱ्या घरांतले आहेत. त्यांनी ऑप्शन्समध्ये व्यवहार करावेत असं मला वाटत नाही, त्यामुळे हा कोर्स मी त्यांना सुचवणार नाही. कमिशन किंवा अटी बदलल्या तरी माझा निर्णय हाच राहील. मोफत वेबिनारची लिंक, कूपन कोड किंवा गटातल्या सदस्यांचे नंबर देणं यालाही हेच लागू आहे. माझं नाव, फोटो किंवा व्हिडिओचा भाग तुमच्या जाहिरातीत वापरू नये, ही विनंती. कळावे.’

पत्र छोटं आहे, पण त्यातलं एकही वाक्य शोभेचं नाही. ‘मी पाहिला’ या शब्दांमुळे ‘आधी बघा तरी’ हे उत्तर निकालात निघतं. ‘मला वाटत नाही’ यात समोरच्यावर आरोप नाही. तुम्ही फसवता असं लिहिलं असतं तर आपण कसे फसवत नाही हे पटवणारी तीन पानं आली असती आणि बाईंना ती वाचून उत्तर द्यावं लागलं असतं. आपल्या माणसांबद्दलचं आपलं मत मात्र कोणी खोडून काढू शकत नाही. माफी कुठेच मागितलेली नाही, आणि ती नसावीच. सभ्यतेपुरते आभार पुरेत.

सगळ्यात महत्त्वाचं वाक्य मोफत वेबिनारचं आहे. नकारानंतर येणारी पहिली तडजोड बहुधा हीच असते: ‘कोर्सचं नाव घेऊ नका, फक्त मोफत वेबिनार सांगा, त्यात विक्री नाही.’ हे कसं चालतं ते समजून घ्या. तुमच्या लिंकवर कोणी बोट ठेवलं की तिच्या मोबाइलमध्ये तुमच्या नावाची खूण बसते. ती किती दिवस टिकणार हे करारात लिहिलेलं असतं, बाईंच्या प्रस्तावात तीस दिवस होती. वेबिनारमध्ये नाव आणि नंबर घेतला जातो. दीड तासाच्या शेवटी ‘आजच्या पुरती’ किंमत सांगितली जाते, उलटी मोजणी करणारं घड्याळ लागतं, आणि ज्या थांबतात त्यांना पुढचे काही दिवस फोन जातात. तीस दिवसांत कधीही पैसे भरले तरी विक्री तुमच्या खात्यात आणि कमिशनही तुम्हालाच. म्हणजे मोफत वेबिनार हाच विक्रीचा पहिला टप्पा असतो. कोर्सला नाही म्हणून वेबिनारला हो म्हणणं म्हणजे त्याच विक्रीला हो म्हणणं.

नंबरांचंही तसंच. ‘यादी द्या, आम्ही तुमचं नाव न घेता संपर्क करू,’ असंही विचारलं जातं. त्या बायकांनी आपले नंबर घरखर्चाच्या गटासाठी दिलेले आहेत. दुसऱ्याला द्यायची परवानगी त्यांनी दिलेली नाही, त्यामुळे ती यादी आपल्या मालकीची नाहीच.

हप्त्याची गोष्टही याच ओघात लक्षात ठेवावी. कोर्स ‘हप्त्याने’ म्हणतात तेव्हा पुष्कळदा मागे एखाद्या वित्त कंपनीचं कर्ज असतं. कोर्सवाल्याला त्याची रक्कम आधीच मिळालेली असते आणि कोर्स सोडला तरी कर्जाचा हप्ता खात्यातून कापला जात राहतो. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने ऑनलाइन शिक्षण कंपन्यांबद्दल पालकांसाठी सूचना काढली होती. तिच्यात खात्यातून आपोआप पैसे वळते करण्याची परवानगी देताना आणि कर्जाच्या कागदावर सही करताना सावध राहायला सांगितलं होतं. शिफारस करणाऱ्याला ही सही कधी दिसत नाही, म्हणून हप्त्यामागे कोण आहे हे प्रस्ताव आल्यावरच विचारावं.

पत्र गेल्यावर बाईंना त्याच संध्याकाळी पन्नास टक्क्यांचा निरोप आला, दुसऱ्या दिवशी फोन आला. पन्नास टक्क्यांच्या निरोपाला त्यांनी एकच ओळ पाठवली: ‘माझं कालचं पत्र कायम आहे.’ फोन घेतला नाही. फोनवर बोलणाऱ्याचा सराव रोजचा असतो आणि आपला नसतो, त्यामुळे विषय लेखीच ठेवावा. नवीन कारणं देत बसू नये. प्रत्येक नव्या कारणाबरोबर नवी चर्चा उघडते. दोनदा सांगूनही निरोप येत राहिले तर नंबर बंद करावा, त्यात उद्धटपणा काही नाही.

खरा कठीण प्रसंग ओळखीच्या माणसाचा. कोर्स काढणारा आपला वर्गमित्र असतो, नवऱ्याचा आतेभाऊ असतो, किंवा ज्यांच्याकडे आपण कधी काळी शिकलो ते सर असतात. तिथे नियम उलटा करावा, असं माझं मत आहे. आधी फोन करावा आणि मग लिहावं. सरांना थेट पत्र गेलं तर ते त्यांना लागतं, आणि लागणं साहजिक आहे. ‘सर, तुमच्या कोर्सबद्दल बोलायला फोन केला. माझ्या गटातल्या बायकांना मी तो सुचवू शकणार नाही. त्यांची परिस्थिती मला माहीत आहे आणि हा धोका त्यांनी घ्यावा असं मला वाटत नाही. तुमच्याबद्दलचा आदर आहे तसाच आहे.’ एवढं बोलून थांबावं. पुढची शांतता भरून काढायला ‘पण एक स्टेटस ठेवते हवं तर’ असं तोंडातून निघतं आणि तिथेच नकार मोडतो. ओळखीतल्या नकाराची भरपाई प्रेक्षकांच्या पैशातून करायची नसते. सरांच्या घरच्या कार्याला जावं, त्यांच्या पडत्या काळात उभं राहावं. ती नाती आपली आहेत, त्यांचं ओझं गटातल्या बायकांवर पडू नये.

आणि होकार आधीच देऊन बसलो असू तर? पैसे घेतलेले नसतील आणि करार झालेला नसेल तर वरचंच पत्र पुरतं, फक्त सुरुवातीला ‘मी आधी हो म्हटलं होतं, माहिती पाहिल्यावर निर्णय बदलला आहे’ हे साफ लिहावं. मोफत मिळालेला कोर्सचा प्रवेश बंद करायला सांगावं, आगाऊ रक्कम आली असेल तर ती बँकेतून परत करून पावती ठेवावी. करार झाला असेल तर त्यातलं रद्द करण्याचं कलम वाचून त्यात सांगितलेल्या मुदतीची नोटीस द्यावी. शिवाय जुन्या व्हिडिओंच्या खालच्या लिंका आणि गटांत अडकवून ठेवलेले संदेश काढून टाकावेत. त्या लिंका चालू असेपर्यंत विक्री चालूच असते.

नकार दिल्यावर कोर्सवाल्याचं नाव घेऊन व्हिडिओ करावा का, असं बाईंना काहींनी विचारलं. त्यांनी केला नाही, आणि मला ते योग्य वाटतं. खासगीत आलेला प्रस्ताव चव्हाट्यावर मांडायची गरज नव्हती. त्याऐवजी त्यांनी सेबीचे आकडे समजावणारा व्हिडिओ केला, कोणाचंही नाव न घेता. जाहिरातीत ‘खात्रीचं उत्पन्न’ असा दावा जाहीरपणे केला जात असेल तर मात्र गप्प बसू नये. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. अॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया या जाहिरात क्षेत्राच्या संस्थेकडे ७७१००१२३४५ या क्रमांकावर व्हॉट्सअॅपनेही तक्रार करता येते. अशी जाहिरात दिसली तर तिचा स्क्रीनशॉट, तारीख आणि लिंक जपून ठेवा आणि तक्रार नक्की करा.